इमारत विकली, पण सोडली नाही: सेल अँड लीजबॅकमधला नफा आणि पुढच्या भाड्याच्या नोंदी

एका कंपनीची स्वतःची इमारत आहे. मूळ किंमत ९०० लाख, आजवरचा घसारा ३०० लाख, म्हणजे पुस्तकी किंमत ६०० लाख. कंपनीने ती १,००० लाखांना विकली आणि त्याच दिवशी नव्या मालकाकडून पाच वर्षांसाठी भाड्याने घेतली. भाडं वर्षाला १०० लाख, दर वर्षाच्या शेवटी द्यायचं. कंपनीचा एक टेबलही हलला नाही. फक्त बँकेत १,००० लाख आले आणि भाडं सुरू झालं.

यात नफा किती झाला असं विचारलं, तर बहुतेक जण लगेच म्हणतील, ४०० लाख. १,००० वजा ६००. आयएफआरएस १६ या भाडेपट्ट्याच्या मानकाप्रमाणे मात्र पहिल्या दिवशी नफा दाखवता येतो तो २४८.३७ लाख. उरलेले १५१.६३ लाख कुठे जातात, आणि पुढच्या पाच वर्षांत ते कुठल्या वाटेने परत येतात, हे कळलं की या विषयातल्या बाकीच्या नोंदी सोप्या होतात. खालचे सगळे आकडे लाखांतच आहेत, त्यामुळे दर वेळी ‘लाख’ लिहिलेलं नाही.

पूर्ण नफा का नाही

इमारत म्हणजे हिशोबाच्या नजरेने हक्कांचा एक गठ्ठा. पुढची पाच वर्षं वापरण्याचा हक्क, त्यानंतर वापरण्याचा हक्क, विकण्याचा, गहाण ठेवण्याचा, किंमत वाढली तर तिचा फायदा घेण्याचा हक्क. कंपनीने विक्रीखत केलं तेव्हा कागदावर सगळा गठ्ठा गेला. पण पहिल्या पाच वर्षांचा वापर तिच्याच हातात राहिला. जो भाग हातातून सुटलाच नाही, त्याच्यावर नफा कसला? मानकाचं म्हणणं एवढंच आहे: जेवढे हक्क खरोखर खरेदीदाराकडे गेले, तेवढ्यापुरताच नफा घ्या. जो हक्क स्वतःकडे ठेवला, तो जुन्याच पुस्तकी किमतीच्या प्रमाणात पुस्तकात ठेवा.

म्हणून पहिलं काम म्हणजे किती ठेवलं आणि किती दिलं हे प्रमाण काढणं. मोजपट्टी साधी आहे. पाच वर्षांच्या भाड्याचं आजचं मूल्य काढायचं आणि ते इमारतीच्या रास्त मूल्याशी ताडून पाहायचं. रास्त मूल्य म्हणजे आज बाजारात त्रयस्थ माणूस जी किंमत देईल ती. आपल्या उदाहरणात ती १,००० आहे, म्हणजे विक्रीच्या किमतीइतकीच.

व्याजदर १० टक्के धरू. वर्षाअखेरीस १०० याप्रमाणे पाच हप्त्यांचं आजचं मूल्य ३७९.०८ येतं. इमारत १,००० ची, त्यातला ३७९.०८ चा वापर कंपनीने स्वतःकडे ठेवला. म्हणजे ३७.९०८ टक्के ठेवलं आणि ६२.०९२ टक्के दिलं.

आता दोन गुणाकार. वापरहक्काची किंमत म्हणजे ६०० चे ३७.९०८ टक्के, २२७.४५. दाखवायचा नफा म्हणजे ४०० चे ६२.०९२ टक्के, २४८.३७.

पहिल्या दिवसाची नोंद

बँक खाते, नावे: १,०००.००
वापरहक्क मालमत्ता, नावे: २२७.४५
इमारतीवरचा एकत्रित घसारा, नावे: ३००.००
इमारत, जमा: ९००.००
भाडेपट्ट्याचे देणे, जमा: ३७९.०८
विक्रीवरील नफा, जमा: २४८.३७

दोन्ही बाजूंची बेरीज १,५२७.४५.

नेहमीच्या भाडेपट्ट्यात पहिल्या दिवशी वापरहक्क आणि देणे साधारणपणे सारखेच असतात. इथे ते सारखे नाहीत, आणि बहुतेक चुका इथेच होतात. भाडेपट्ट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रक्कम, मुदत आणि दर भरला की ते निमूटपणे दोन्हीकडे ३७९.०८ टाकतं, कारण त्याला ही इमारत कालपर्यंत आपलीच होती हे माहीत नसतं. मग विक्रीची नोंद वेगळ्या माणसाने वेगळी केलेली असते, त्यात ४०० नफा, आणि दोन्ही नोंदी आपापल्या जागी अगदी बरोबर जुळतात. तेरीज जुळते, कुणाला शंका येत नाही, आणि नफा १५१.६३ ने फुगलेला राहतो.

ओळखायची खूण सोपी. विकलेल्या इमारतीची पुस्तकी किंमत आणि रास्त मूल्य वेगळं असताना वापरहक्क आणि देणे पहिल्या दिवशी पैशापैशाने सारखे दिसले, तर बहुधा नोंद चुकली आहे. व्यवहार बाजारभावाने झाला असेल तर आणखी पक्की तपासणी म्हणजे वापरहक्क भागिले जुनी पुस्तकी किंमत आणि देणे भागिले रास्त मूल्य, ही दोन्ही प्रमाणं एकच यायला हवीत. आपल्याकडे २२७.४५ भागिले ६०० आणि ३७९.०८ भागिले १,०००, दोन्ही ०.३७९०८.

पुढच्या वर्षांत ‘भाडं खर्च’ दिसतच नाही

पहिलं वर्ष संपलं, १०० भाडं दिलं. सवयीने हात ‘भाडं खर्च, नावे’ लिहायला जातो. तसं करायचं नाही. हे १०० म्हणजे देण्याचा हप्ता आहे, कर्जाच्या हप्त्यासारखाच: थोडं व्याज, थोडी मुद्दल.

३७९.०८ वर १० टक्क्यांनी व्याज ३७.९१. उरलेल्या ६२.०९ ने देणं कमी होतं.

व्याज खर्च, नावे: ३७.९१
भाडेपट्ट्याचे देणे, नावे: ६२.०९
बँक खाते, जमा: १००.००

शिवाय वापरहक्कावर घसारा. २२७.४५ पाच वर्षांत समान वाटला की वर्षाला ४५.४९.

घसारा खर्च, नावे: ४५.४९
वापरहक्कावरचा एकत्रित घसारा, जमा: ४५.४९

पाच वर्षांचं चित्र असं दिसतं:

| वर्ष | व्याज | देण्यातून वजा | वर्षअखेरचे देणे | घसारा | एकूण खर्च |
|---|---|---|---|---|---|
| १ | ३७.९१ | ६२.०९ | ३१६.९९ | ४५.४९ | ८३.४० |
| २ | ३१.७० | ६८.३० | २४८.६९ | ४५.४९ | ७७.१९ |
| ३ | २४.८७ | ७५.१३ | १७३.५५ | ४५.४९ | ७०.३६ |
| ४ | १७.३६ | ८२.६४ | ९०.९१ | ४५.४९ | ६२.८५ |
| ५ | ९.०९ | ९०.९१ | ० | ४५.४९ | ५४.५८ |

(दशांशाच्या दुसऱ्या घरात कुठे एकाचा फरक दिसेल, तो पूर्णांकनाचा.)

आता शेवटच्या रकान्याची बेरीज करा. पाच वर्षांत नफा-तोटा पत्रकात गेलेला खर्च ३४८.३७. प्रत्यक्षात दिलेलं भाडं ५००. फरक १५१.६३. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? पहिल्या दिवशी जो नफा दाखवू दिला नव्हता, तोच हा. तो बुडालेला नाही. वापरहक्क ३७९.०८ ऐवजी २२७.४५ वर धरल्यामुळे दर वर्षीचा घसारा ३०.३३ ने कमी झाला, आणि त्या वाटेने पाच वर्षांत सगळा परत मिळाला. ताळेबंदात ‘पुढे ढकललेला नफा’ असं वेगळं खातं कुठेच नाही. कुणी तसं खातं उघडून दर वर्षी त्यातून थोडा थोडा नफा काढत असेल, तर तो जुन्या पद्धतीची सवय घेऊन बसला आहे.

एकूण परिणामही पडताळून पाहता येतो. २४८.३७ नफा, ३४८.३७ खर्च, म्हणजे पाच वर्षांत मिळून १०० तोटा. सरळ हिशोबाने ४०० नफा आणि ५०० भाडं, तोटा १००. एकूण तेच, फक्त कुठल्या वर्षात किती पडतं ते बदललं.

ताळेबंदात देण्याची विभागणी करतानाही एक घसरण्याची जागा आहे. पहिल्या दिवशी एका वर्षाच्या आत देय भाग ६२.०९, म्हणजे येत्या वर्षात देणं जेवढं कमी होणार तेवढा. तिथे १०० लिहिलेले बरेचदा दिसतात. त्यातलं ३७.९१ व्याज अजून लागलेलंच नाही, ते आज देणं कसं असेल?

किंमत बाजारापेक्षा जास्त लावली तर

समजा दोघांनी ठरवलं: किंमत १,१०० लावू आणि भाडं १२६.३८ करू. रास्त मूल्य मात्र १,००० च. वर वर पाहता नफा ५०० झाला आणि विक्री जोरदार दिसते. पण कुठलाही शहाणा खरेदीदार १०० जादा उगाच देत नाही, तो ते वाढीव भाड्यातून वसूल करतो. वाढलेल्या २६.३८ चं पाच वर्षांचं आजचं मूल्य १० टक्क्यांनी बरोबर १०० येतं. म्हणजे हे वरचे १०० सरळसरळ कर्ज आहे.

मानक तेच म्हणतं. १,१०० मधले १०० वेगळं कर्ज म्हणून जमा करायचे. भाड्यांचं एकूण आजचं मूल्य ४७९.०८, त्यातलं १०० कर्जाचं, उरलेलं ३७९.०८ खऱ्या भाडेपट्ट्याचं. प्रमाण तेच ३७.९०८ टक्के, वापरहक्क तोच २२७.४५, नफा तोच २४८.३७. किंमत फुगवून नफ्यात एका पैचीही भर पडत नाही.

उलट किंमत ९०० आणि भाडं ७३.६२ ठेवलं, तर कमी घेतलेले १०० म्हणजे आगाऊ दिलेलं भाडं. देणे म्हणून २७९.०८ च नोंदवायचं, पण प्रमाण काढताना त्यात ते १०० मिळवायचे. पुन्हा ३७९.०८. नफा पुन्हा २४८.३७. इथे मात्र वापरहक्क आणि देणे यांचं वरचं प्रमाण जुळणार नाही, कारण आगाऊ भाडं देण्यात नसतं. तपासताना हे लक्षात ठेवावं.

रास्त मूल्य शोधणं अवघड असेल तर दुसरी बाजू बघता येते: ठरलेल्या भाड्याचं आजचं मूल्य आणि बाजारभावाच्या भाड्याचं आजचं मूल्य यांतला फरक. दोन्हींपैकी जे अधिक सहज आणि भरवशाने काढता येईल ते घ्यायचं.

मुळात विक्री झाली का?

हे सगळं करण्याआधी एक प्रश्न असतो, आणि तो शेवटी विचारला गेला तर सगळी वही पुन्हा लिहावी लागते. इमारतीवरचा ताबा हिशोबाच्या अर्थाने खरेदीदाराकडे गेला का? याचं उत्तर महसुलाच्या मानकात, आयएफआरएस १५ मध्ये शोधायचं असतं.

उत्तर बहुतेक वेळा करारातल्या एका कलमात असतं. ‘पाच वर्षांच्या शेवटी विक्रेत्याला ही इमारत १,००० ला परत विकत घेण्याचा हक्क राहील.’ हे वाक्य असलं की विक्री झाली असं म्हणता येत नाही. हक्क वापरणार नाही असं कंपनीने कितीही सांगितलं तरी फरक पडत नाही, कारण तो हक्क असेपर्यंत खरेदीदाराला इमारतीचं हवं ते करता येत नाही. त्रयस्थाची खरी मागणी आली तर तेवढ्याच किमतीला आधी आपल्याला विचारावं, एवढंच कलम असेल तर ते वेगळं. विकायचं की नाही हे तिथे नव्या मालकाच्याच हातात राहतं, त्यामुळे फक्त त्या कलमाने विक्री मोडत नाही.

विक्री मानता येत नसेल तर इमारत पुस्तकातून हलतच नाही. तिचा घसारा पूर्वीसारखाच चालू राहतो. नफा शून्य. मिळालेले पैसे कर्ज:

बँक खाते, नावे: १,०००
आर्थिक देणे, जमा: १,०००

परतखरेदी १,००० ला आणि भाडं वर्षाला १००, असा करार नीट बघितला तर तो काय आहे ते उघडच दिसतं. १,००० उसने घेतले, दर वर्षी १०० व्याज दिलं, पाचव्या वर्षी १,००० परत केले. दहा टक्क्यांचं कर्ज, इमारत तारण. म्हणून दर वर्षीची नोंद ‘व्याज खर्च, नावे १००, बँक, जमा १००’ एवढीच, आणि देणं १,००० वरच उभं. खरेदीदाराच्या पुस्तकातही इमारत येत नाही, येणं येतं.

म्हणून मसुदा वकिलाकडून आला की हिशोब करणाऱ्याने किंमत आणि भाड्याच्या पानाआधी परतखरेदीचं कलम शोधावं. करार सह्यांसाठी तयार झाल्यावर ते सापडणं फार महाग पडतं.

मुदत, दर आणि हप्त्याची वेळ

नफ्याचा आकडा भाड्याच्या आजच्या मूल्यावर टांगलेला आहे, त्यामुळे ते मूल्य हलवणारी प्रत्येक गोष्ट नफा हलवते. सगळ्यांत जास्त हलवते ती मुदत. तेच १०० भाडं पाचऐवजी पंधरा वर्षं धरलं, तर आजचं मूल्य ७६०.६१ होतं आणि दाखवता येणारा नफा ९५.७६ उरतो. कंपनी जितकी जास्त वर्षं राहणार, तितकं तिने कमी विकलं. म्हणून ‘पाच वर्षं, आणि पुढे दोनदा पाच-पाच वर्षं वाढवण्याचा पर्याय’ असं कलम असेल, आणि कंपनी तो पर्याय वापरणार हे जवळपास नक्की असेल, तर मुदत पंधरा वर्षंच धरायला हवी. नफा मोठा दिसावा म्हणून ती पाचच दाखवायचा मोह इथे होतो, आणि लेखापरीक्षक नेमकं तेच विचारतात: इमारतीत नुकताच मोठा खर्च करून मग पाच वर्षांत सोडून जाणार, हे खरं वाटतं का?

व्याजदराचा परिणाम त्या मानाने कमी. ८ टक्के धरला तर नफा २४०.२९, १२ टक्के धरला तर २५५.८१. दर कुठला? करारातून खरेदीदाराचा दर सहज काढता येत असेल तर तो, नाहीतर तेवढ्याच मुदतीचं आणि तशाच तारणाचं कर्ज कंपनीला आज ज्या दराने मिळेल तो.

हप्ता वर्षाच्या शेवटीऐवजी सुरुवातीला असेल तर पहिला हप्ता पूर्ण किमतीने मोजला जातो. आजचं मूल्य ४१६.९९, नफा २३३.२०. करारात ‘आगाऊ’ हा एकच शब्द असतो, पण तो वाचला नाही तर पंधरा लाखांची चूक होते.

भाडं विक्रीवर अवलंबून असेल तर

दुकानाची इमारत विकून परत घेताना भाडं कधी कधी ठरावीक रकमेऐवजी दुकानाच्या विक्रीच्या टक्क्यात ठरतं. साध्या भाडेपट्ट्यात असं बदलतं भाडं देण्यात धरतच नाहीत. तोच नियम इथे लावला तर देणं शून्य, ठेवलेला हक्क शून्य, आणि नफा पुन्हा पूर्ण ४००. हे उघडच चुकीचं होतं. जून २०२० मध्ये आयएफआरएसच्या अर्थनिर्णय समितीने सांगितलं की भाडं बदलतं असलं तरी ठेवलेल्या हक्काचं प्रमाण काढावंच लागेल आणि देणंही दाखवावं लागेल. पुढच्या वर्षांत ते देणं कसं मोजायचं, हे मानकात सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीने आलं. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना ती लागू आहे.

व्यवहारात एक मार्ग असा. पाच वर्षांत अंदाजे किती भाडं जाईल ते सुरुवातीलाच ठरवायचं, समजा वर्षाला १००. प्रमाण, देणं, नफा सगळं वरच्यासारखं. पहिल्या वर्षी विक्री चांगली झाली आणि भाडं १०८ गेलं, तर १०० देण्याच्या हिशोबात आणि ८ सरळ खर्चात. ९३ गेलं तर देण्याच्या हिशोबात १०० च धरायचे आणि ७ नफा-तोटा पत्रकात जमा. अंदाज चुकला म्हणून देणं नव्याने मोजून ठेवलेल्या हक्कावरचा नफा मागच्या दाराने आत आणता येत नाही, दुरुस्तीचा गाभा एवढाच.

अमेरिकी हिशोबात तोच व्यवहार

अमेरिकी मानक एएससी ८४२ इथे वेगळा रस्ता धरतं. विक्री खरी असेल आणि व्यवहार बाजारभावाने असेल, तर पूर्ण ४०० नफा पहिल्याच दिवशी. वापरहक्क आणि देणे दोन्ही ३७९.०८, आणि भाडेपट्टा ऑपरेटिंग प्रकारचा असल्याने दर वर्षी खर्च सरळ १००. एकूण तोटा इथेही १०० च.

अट मात्र दुसऱ्या बाजूने कडक आहे. परतीचा भाडेपट्टा फायनान्स प्रकारचा ठरला, म्हणजे इमारतीचा बहुतेक उपयोग विक्रेत्याकडेच राहिला, तर ती विक्रीच नाही. परतखरेदीचा हक्क असला, तर तो त्या वेळच्या रास्त मूल्याने असायला हवा आणि तशीच दुसरी मालमत्ता बाजारात सहज मिळायला हवी, तरच विक्री टिकते. एका इमारतीसारखी हुबेहूब दुसरी इमारत, त्याच जागी, मिळत नाही. त्यामुळे इमारतीच्या बाबतीत ही दुसरी अट जवळपास कधीच पुरी होत नाही. दोन्ही मानकांनुसार अहवाल देणाऱ्या गटाला म्हणून एकाच व्यवहारासाठी दोन वेगळी कोष्टकं ठेवावी लागतात: एकात वर्षाचा घसारा ४५.४९ आणि वरून व्याज, दुसऱ्यात नुसतं भाडं १००.